सारणी सात

गुरुदास आचरेकरांच्या प्रबंधाची चार प्रकरणं टाईप होऊन कपाटात पडली होती. राहिलं होतं ते पाचवं, म्हणजे शेवटचं. सारांश, निष्कर्ष, मर्यादा, फलितार्थ, शिफारशी. मे महिना चालू होता. एकोणीसशे चौसष्ट. तीस जूनच्या आत प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर ते शिकवत होते त्या प्रशिक्षण विद्यालयातली कायम जागा जुलैत दुसऱ्याला जाणार होती. हे मालवणात सगळ्यांना ठाऊक होतं. मासे विकणारी मथुरासुद्धा विचारायची, "मास्तर, पुस्तक झाला?"

विषय साधा होता. गावच्या शाळेतला मास्तर ट्रेनिंग घेऊन गेला की तिथं शिकलेलं वर्गात खरंच वापरतो का? गुरुदासनी आपल्याच हाताखाली शिकून गेलेले चोवीस शिक्षक निवडले आणि प्रत्येकाचा एक पाठ मागच्या बाकावर बसून बघितला. हातात छापील तक्ता. मुलांना प्रश्न विचारले का, मुलं बोलली का, शिक्षकानं स्वतः बनवलेलं साधन वापरलं का. प्रत्येक गोष्टीला गुण. आकडे असे सुरेख आले होते की चौथं प्रकरण टाईप करताना टायपिस्ट बाबूच म्हणाला होता, "मास्तरानू, ह्यां तर पहिल्या नंबराचां जातलां."

मार्गदर्शक प्रा. वाघोलीकर घाटावर राहायचे. त्यांचं पत्र आलं होतं. 'व्याप्ती आणि मर्यादा यांत गल्लत नको. तुम्ही मालवण तालुकाच घेतला, ही व्याप्ती, ती तुम्ही ठरवलीत. निकालावर ज्याची सावली पडते आणि जे तुम्हाला टाळता आलं नाही, ती मर्यादा. ती एका पानात आटपा. आणि प्रत्येक शिफारस कुठल्या तरी निष्कर्षावर उभी पाहिजे. हवेत शिफारस नको.'

गुरुदासनी पहिली शिफारस आधीच लिहून टाकली होती. 'प्रशिक्षणाचा सध्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पद्धतीच्या दृष्टीनं पुरेसा आहे.' ती उभी होती सारणी सातवर. चोवीसपैकी एकोणीस शिक्षकांनी स्वतः बनवलेलं साधन वापरलं होतं.

मर्यादांचं पान लिहायला घेतलं तेव्हा एक आकडा अडला. तोंडवलीच्या शाळेच्या तक्त्यावर पटाची जागा कोरी होती. वर्गात मुलं किती होती, लिहायचंच राहिलं होतं. शाळेला सुट्टी. गुरुदास एस.टी.नं निघाले, मधेच उतरले आणि पुढं वाळूतून चालत दुर्गाच्या घरी गेले.

दुर्गा त्यांचीच विद्यार्थिनी, तोंडवलीच्या शाळेतली शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, अजून नोकरीत कायम नव्हती. अंगणात आई हौसाबाई रातांबे फोडून कोकमाची सोलं वाळत घालत होती. हात मनगटापर्यंत लाल.

"येवा येवा मास्तर! दुर्गा गो, तुझे सर इले!" हौसाबाईनं पाटाऐवजी घडवंचीच पुढं सरकवली. "बसा. तुमच्या त्या पाठाच्या वक्ताक काय धावपळ केल्यान आमच्या चेडवान! आठ दिस पोरांका घोकवन घेतल्यान. रात्री झोपेत सुदिक सांगा होती, मोठो काटो बारावर, मोठो काटो बारावर. मी म्हटलंय, काय गो, तुका भूत लागला काय?"

गुरुदास हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं.

"आठ दिवस?"

दुर्गा पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन थांबली होती.

"आये, गप ऱ्हव."

"कित्याक गप ऱ्हवू? वायट काय केलंस? सरांचां काम बरां जावंक व्हयां म्हणानच केलंस ना?"

गुरुदासनी तांब्या घेतला, पाणी पिऊन तो खाली ठेवला. मग शांतपणे विचारलं, "दुर्गा, कोणी कोणी पाठ घोकून घेतला होता?"

"सर, तुमचां पोस्टकार्ड आठ दिस आधी येय ना. अमुक तारखेक येतंय म्हणान." ती फरशीकडं बघत बोलली. "मग आमी सगळी आचऱ्याच्या बाजारात भेटलंव. तुमी आमका शिकवलात, तुमच्या प्रबंधात आमचो पाठ भिकार कसो दिसान चलात? सगळ्यांनीच घेतलो. तोच पाठ दोन-तीन फेरे."

"आणि पाठात दाखवलेलं ते घड्याळ?"

"तां आमच्यातल्या लवूमास्तरान केल्लां. पुठ्ठ्याचां. बाकीच्यांका खंय वेळ? म्हणान तांच फिरवलंव. आचऱ्यासून एस.टी.च्या कंडक्टराकडे देव, तो फुडच्या शाळेत पोचय."

गुरुदासना तो तांबडा काटा आठवला. लहान काटा सैल होता, सारखा सहावर लोंबायचा. त्यांना वाटलं होतं, सगळ्यांनी विद्यालयातला एकच नमुना उतरवून घेतला असणार, म्हणून सगळ्यांचा काटा सैल. त्यांनी प्रत्येक तक्त्यावर पूर्ण गुण दिले होते. एक घड्याळ, अकरा शाळा, अकरा वेळा 'स्वनिर्मित साधन'.

पोस्टकार्ड त्यांनीच पाठवली होती. विद्यालयात पाठ बघायचा तर आधी पाठाचं टिपण मागवायचं, सही करायची, मग जायचं, अशी रीत. बावीस वर्षांची सवय. न कळवता दुसऱ्याच्या वर्गात शिरणं त्यांना असभ्य वाटायचं. शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांसारखं.

"सर, रागावलात?"

"नाही गो." खरंच रागावले नव्हते. कसलंच काही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं आत सगळं झालं होतं. "पट किती होता त्या दिवशी?"

"एकवीस. म्हणजे बसवलेले एकवीस. खरे बत्तीस. पाच-सहा बोलत नाय, पाच-सहा द्वाड, तेंका घरी ऱ्हवा म्हटलंय." ती एकदम रडायला लागली. "सर, माझां नाव नको हां खंय घालू. डिपोटीसायबांनी वाचला तर माझी नोकरी..."

"नाव नाही येणार."

परत येताना वाळूनं बूट भरले. गुरुदासनी ते काढलेही नाहीत.

दोन दिवस ते टेबलापाशी बसले. बायको लीला जेवायला हाक मारी, ते जाऊन जेवत, परत बसत. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं.

"ओ, काय झालां?"

त्यांनी सांगितलं. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

"मग घालू नकात," लीला म्हणाली. "कोण बघूक येतला? नमुना लहान होता, वेळ कमी होता, असां लिवा. सगळे लिवतत. तुमीच सांगललात माका."

"सगळे लिहितात."

"मग?"

"मग त्याच्या खाली शिफारस येते. एक वर्षाचं ट्रेनिंग पुरेसं आहे. माझा प्रबंध दाखवून उद्या कोणी म्हणेल, साहित्याला पैसे कशाला, मास्तर स्वतः करतात. एकोणीस जण करतात, छापलंय."

लीलानं विचारलं, "आणि जागा?"

जागा जाण्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी मर्यादांचं पान लिहिलं. एकाच बैठकीत. 'निरीक्षणाची सूचना प्रत्येक शाळेस आठ दिवस आधी दिली होती. ही चूक संशोधकाची. नंतर कळलं की पाठांची तालीम झाली होती, काही मुलांना वर्गाबाहेर ठेवलं होतं आणि निदान अकरा शाळांत एकच साधन फिरवलं होतं. म्हणून प्रकरण चारमधले गुण रोजच्या अध्यापनाचे नाहीत. तयारीला वेळ मिळाल्यास शिक्षक काय करू शकतो, एवढंच ते सांगतात.'

मग फलितार्थ. ते लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. शिक्षकांना हे येतं. चोवीसच्या चोवीस जणांना पाठ कसा घ्यायचा ते येतं, विद्यालय शिकवतं ते डोक्यात आहे. ते रोज का होत नाही, ते या प्रबंधात नाही. तसंच लिहिलं. पहिली शिफारस खोडली. तिथं लिहिलं, 'आसपासच्या शाळांनी साधनं वाटून घेण्याची सोय करून पाहावी; शिक्षक ती आपणहून करताना दिसले.' दुसरी, 'अध्यापनाचं निरीक्षण पूर्वसूचनेशिवाय, एकाहून अधिक वेळा व्हावं.' आणि परिशिष्टातली गावांची यादी काढून टाकली, तिथं नुसते क्रमांक घातले. नाहीतर डिपोटीला दुर्गा शोधायला कितीसा वेळ लागणार.

हस्तलिखित घाटावर गेलं. बारा दिवसांनी उत्तर आलं. प्रा. वाघोलीकरांचं अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य.

'आपण लिहिलेला परिच्छेद मर्यादा राहिलेली नाही. चौथं प्रकरणच त्यानं खाली बसलं. दोन मार्ग आहेत. हा परिच्छेद वगळून सौम्य वाक्य घालावं, प्रबंध तीस जूनपूर्वी दाखल होईल, मी सही करीन. किंवा परिच्छेद ठेवावा. मग चौथ्याची मांडणी बदलून, निदान दहा शाळांत न कळवता जाऊन नवी निरीक्षणं घ्यावी लागतील. त्यासाठी वर्षाची मुदतवाढ मागावी लागेल. निर्णय आपला. व्यक्तिशः मला दुसरा आवडेल, पण मला तुमच्या घरचं माहीत नाही.'

गुरुदासनी पत्र दोनदा वाचलं. मग कोर्टाच्या आवाराबाहेर गेले. बाबूचा टाईपरायटर तिथंच असायचा, बदामाच्या सावलीत. बाबू एका अर्जावर होता, चार कार्बन घालून.

"इलात? पाचवां हाडलात?"

"अर्ज टाईप करायचा आहे."

"कसलो अर्ज?"

"मुदतवाढीचा. एक वर्ष."

बाबूचे हात कळांवर थांबले. "मास्तरानू, येडे झालात काय? चार प्रती होवन कपाटात पडल्यात. दोनशे चौदा पानां. माझी बोटां मोडली."

"माहीत आहे."

"आणि जुलैत ती जागा?"

"ती परुळ्याच्या सामंतांना मिळेल. त्यांचा प्रबंध झालाय."

"बरो आसा?"

"असेल," गुरुदास म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

बाबूनं डोकं हलवलं. मशीनमधला अर्ज काढला, नवा कागद चढवला, खाली कार्बन सारखे केले. "सांगा. माननीय कुलसचिव..."

"माननीय कुलसचिव," गुरुदास म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडी तयार होतं. सकाळपासून तयार होतं. कारणाच्या जागी काय घालायचं एवढंच राहिलं होतं. लोक प्रकृती अस्वास्थ्य लिहायचे. घरगुती अडचण लिहायचे.

"कारण काय घालू?" बाबूनं विचारलं. "प्रकृती?"

"नको. लिही. निरीक्षणं सदोष असल्याचं आढळल्यामुळे ती पुन्हा घ्यायची आहेत."

बाबूनं मान वर केली, एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि टाईप केलं. गुरुदासनी सही केली. सही सरळ आली. ते कागद घेऊन टपालकचेरीकडं निघाले. वाटेत मथुरा भेटली आणि तिनं विचारलं, "मास्तर, झाला पुस्तक?"

"नाय," ते म्हणाले आणि पुढं गेले.