सरळ झालेली रेषा

बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे पैसे गुंतवायच्या विभागात, वर्षभर मला 'उलटेबाई' म्हणत होते. मी ते हसून घेत होते असं म्हणणं खोटं ठरेल. दोनदा फाइल आपटली, एकदा साहेबांच्या तोंडावर दार लावलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझं काम सरकारी रोख्यांचं. तीन महिन्यांपासून तीस वर्षांपर्यंतच्या रोख्यांवर बाजार आज किती व्याज मागतोय ते बघायचं, आणि दर शुक्रवारी ते सगळे आकडे एका रेषेत मांडायचे. संगणक हे क्षणात करतो. तरी मी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, जाड पेनाने, हाताने काढते. माझ्या पहिल्या साहेबांनी लावलेली सवय. सगळे कागद एकाच मापाचे, म्हणजे या आठवड्याचा कागद जुन्यावर ठेवला की काय हललं ते लगेच दिसतं. तरुण मंडळींना याची फार गंमत वाटते. वाटू दे.

चौदा महिन्यांपूर्वी ती रेषा उलटी झाली. डावीकडे, थोड्या मुदतीचं व्याज वर. उजवीकडे, लांब मुदतीचं खाली. मी बैठकीत सांगितलं की हे लक्षण बरं नाही, लांबची कर्जं वाटताना हात आखडता घ्या. कर्ज विभागाने माझी यथेच्छ टर उडवली. साहेब म्हणाले, "विमा कंपन्यांना लांबचे रोखे लागतात म्हणून त्यांचं व्याज खाली आहे. या वेळची गोष्ट वेगळी आहे." त्यानंतर महिन्यामागून महिने गेले, काहीही झालं नाही, आणि मी उलटेबाई झाले.

बँकेने लांबच्या कर्जांवर नावापुरती एक मर्यादा घातली, बाकी ऐकलं नाही. माझ्या धाकट्या भावाने मात्र ऐकलं.

त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. बावीस माणसं, एक जुनं यंत्र, सगळीकडे खळीचा वास. त्याला दुप्पट वेगाचं नवं यंत्र घ्यायचं होतं. कर्जासाठी राहतं घर तारण ठेवायचं होतं, म्हणून तो मला विचारायला आला होता. कारखान्यातल्या त्याच्या काचेच्या खोलीत बसून मी त्याला सगळं समजावलं.

"एखाद्याला तीन महिन्यांसाठी पैसे दिलेस आणि दुसऱ्याला दहा वर्षांसाठी, तर जास्त व्याज कुणाकडून घेशील?"

"दहा वर्षंवाल्याकडून. एवढा काळ माझे पैसे अडकणार ना."

"आता बाजारात उलटं चाललंय. तीन महिन्यांना सात टक्क्यांच्या वर, आणि दहा वर्षांना सव्वासहा."

"मग दहा वर्षांसाठी देणारे येडे आहेत का?"

"येडे नाहीत रे, घाबरलेत. महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेने व्याज चढवलंय, म्हणून थोड्या मुदतीचं वर गेलंय. पण या लोकांना वाटतंय की हे टिकणार नाही, पुढे व्याज पडणार. म्हणून आज मिळतंय ते दहा वर्षांसाठी धरून ठेवायला सगळे धावतायत. लांबच्या रोख्यांना गिऱ्हाईक वाढलं की त्यांची किंमत चढते आणि त्यावरचं व्याज उतरतं. आणि मध्यवर्ती बँक व्याज कधी पाडते? धंदे बसायला लागले की."

"म्हणजे सगळ्या बाजाराला वाटतंय की धंदा बसणार?"

"हो. शिवाय आमच्यासारख्या बँका थोड्या मुदतीच्या ठेवी घेऊन लांबची कर्जं देतात. मधलं अंतर हीच आमची कमाई. ते गेलं की आम्ही कर्ज देताना शंभर प्रश्न विचारतो, आणि मग धंदा आणखी अडतो."

"कधी बसणार पण?"

"ते नाही सांगता येत. कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. कधी नुसतीच हूल."

त्याने खाली चाललेल्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, तू सांगशील तेव्हाच घेईन."

आणि खरंच थांबला. चौदा महिने! समोरच्या कारखानदाराने नवं यंत्र आणलं, याची दोन गिऱ्हाइकं तिकडे गेली. भावजय मला तोंडावर काही बोलली नाही, पण एकदा चहा देताना म्हणाली, "वन्सं, तुमची ती रेषा सरळ कधी होणार हो? आमचं लग्न ठरायला एवढा वेळ नव्हता लागला." सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. दोघांचं बरं व्हावं म्हणून सांगायला गेले आणि त्यांच्या वाटेतला दगड होऊन बसले, असं वाटायला लागलं.

गेल्या महिन्यात मध्यवर्ती बँकेने व्याज अर्धा टक्का उतरवलं. या बुधवारी, ठरलेली बैठक तीन आठवडे लांब असताना, अचानक जमून आणखी अर्धा. शेअर बाजार उसळला. गुरुवारी दुपारी पडद्यावर आकडा आला: तीन महिने पाच पूर्णांक नऊ, दहा वर्षं सहा पूर्णांक एक. चौदा महिन्यांनी लांबचं व्याज वर आलं होतं. रेषा सरळ!

ट्रेझरीत टाळ्या पडल्या. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "अभिनंदन, सरळबाई." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी तिथूनच भावाला फोन लावला.

"घे रे यंत्र. झाली सरळ."

"नक्की ना ताई?"

"नक्की. किती वाट बघशील?"

पलीकडे तो ओरडलाच. भावजयीला हाक मारल्याचं ऐकू आलं, मग दोघांचं एकदम बोलणं. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे कागद काढला. साडेदहा वाजले असतील. चौदा महिन्यांपूर्वीचा कागद खणातून काढून खाली ठेवला, आजचा त्यावर, आणि खिडकीच्या उजेडात धरला.

उजवीकडच्या रेषा जवळजवळ एकावर एक बसल्या. दहा वर्षांचं व्याज तेव्हा सव्वासहा, आज सहा पूर्णांक एक. तिकडे काहीच सुधारलं नव्हतं. जे काही झालं होतं ते डावीकडे. थोड्या मुदतीचं व्याज सात पूर्णांक एकवरून पाच पूर्णांक नऊवर, जवळजवळ सव्वा टक्का खाली आलं होतं.



रेषा दोन प्रकारे सरळ होते. पुढे भरभराट दिसते म्हणून लांबचं व्याज वर चढलं तर ती सरळ होते. किंवा मध्यवर्ती बँक घाईघाईने व्याज पाडायला लागली, म्हणजे थोड्या मुदतीचं खाली घसरलं, तरी होते. आणि ती घाई कशाची? मध्यवर्ती बँकेला समोर काहीतरी दिसायला लागलंय त्याची. मागच्या कितीतरी मंद्यांच्या आधी हेच झालेलं आहे: रेषा उलटी होते, लोक वाट बघून कंटाळतात, ती सरळ होते, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि फटका त्यानंतर बसतो. उलटी रेषा सांगते की वादळ येतंय. अशी सरळ होणारी रेषा सांगते की ते दारात आहे.

हे मला काय नवीन होतं? पंधरा वर्षांपूर्वी मीच यावर नव्या भरतीचे वर्ग घेतलेत. गुरुवारी मी फक्त एवढंच बघितलं की दोन आकड्यांत मोठा कुठला. कोण हललं ते बघितलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. चिडवणं ऐकून ऐकून मला रेषा सरळ व्हायला हवी होती.

भावाला लावायला मी फोन उचलला. तेवढ्यात साहेब टेबलाशी आले. "चला, बैठक. आज तुमच्या तोंडून गोड बातमी ऐकायची आहे सगळ्यांना."

मी फोन ठेवला.

बैठकीत कर्ज विभागाच्या प्रमुखांनी विचारलं, "मग बाई, धोका टळला म्हणायचा का?" सगळे हसतमुखाने माझ्याकडे बघत होते. ते दोन्ही कागद माझ्या फायलीत होते. फक्त काढून टेबलावर ठेवायचे होते. काय झालं असतं? परत टर उडाली असती. आता सरळ झाली तरी रडताय, म्हणाले असते. साहेबांनी कपाळाला हात लावला असता.

"रेषा सरळ झाली आहे," मी म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

साहेबांनी लांबच्या कर्जांवरची मर्यादा उठवली. चहा आला. नंतर दोघातिघांनी थांबवून काही ना काही विचारलं, मी उत्तरं देत बसले. माझ्या टेबलाशी पोचले तेव्हा एक वाजत आला होता. मध्ये उठून भावाला फोन करायला दोन मिनिटं बाहेर जाता आलं असतं. मी गेले नाही. एकदा तोंड उघडलं की ते परत सगळ्यांसमोर उघडावं लागणार, हे मला कळत होतं.

मी भावाला फोन लावला. पहिल्या घंटेलाच त्याने उचलला. मागे यंत्राची खडखड होती.

"ताई! तुलाच लावणार होतो. ऐक, ते यंत्रवाले म्हणाले—"

"सही केलीस का?"

"केली की! कर्ज मंजूर होऊनच पडलेलं होतं, बँकेत जाऊन दोघंही करून आलो. घराचे कागद दिले, यंत्रवाल्यांना आगाऊ रक्कमही गेली. आता ती परत नाही मिळत, पण आपल्याला कुठे परत हवीय? जुनं यंत्र सोमवारी काढतायत." तो धापा टाकत बोलत होता, लहानपणी पळत आल्यावर बोलायचा तसा. "एकच जरा गंमत झाली. आपल्या साबणवाल्या गिऱ्हाइकांनी या महिन्याचे खोक्यांचे दोन ट्रक थांबवायला सांगितलेत. म्हणे दुकानांतून माल उठत नाहीये. होईल ना ठीक?"

मी खुर्चीत बसले.

"मी चुकले रे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. दोन कागद, डावी बाजू, उजवी बाजू.  मागची खडखड हळूहळू कमी झाली, बहुतेक तो चालत बाहेर आला असावा.

"हे तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, असं म्हणता आलं असतं आणि त्याने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता, चौदा महिने ठेवला तसाच.

"सकाळी साडेदहाला."

 

"ताई," तो म्हणाला, "मी सही सव्वाबाराला केली."