पत्ता नको, ग्रुप सांगा

सम्राट सरांना पत्ते लिहायची भारी हौस. ऑफिसातल्या पांढऱ्या बोर्डावर स्वतःच्या हातानं, निळ्या पेननं, प्रत्येक सर्व्हरचा आयपी पत्ता. दुसऱ्या कुणी पेनला हात लावायचा नाही. डेटाबेसचं दार कुणासाठी उघडायचं हे तेच ठरवणार, आणि तेही जागेवर असतील तेव्हाच. राजारामपुरीत आधी त्यांचा सायबर कॅफे होता. तिथं पोरं कुठल्या मशिनवर बसणार हे ते ठरवायचे. ती सवय घेऊनच इकडं आले आणि आल्या आल्या नेटवर्क हेड झाले. डोकं असतं तर हरकत नव्हती.

कंपनी आण्णांची. दहाबारा माणसं, खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. दोन हजार नऊ साल, आणि आम्ही आमची सगळी कामं नुकतीच भाड्याच्या क्लाउडवर नेली होती. मी कळंब्याहून येत होते आणि सर्व्हर चालू ठेवायचं काम माझ्याकडं होतं. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गडहिंग्लजकडची एक शिक्षण संस्था. त्यांच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल आमच्या साइटवर लागायचा. एरवी कुत्रं फिरकत नसे तिथं. निकालाच्या सकाळी मात्र अख्खा जिल्हा.

म्हणून मी साइटला आपोआप वाढायची सोय करून ठेवली होती. गर्दी झाली की नवे सर्व्हर आपणहून उभे राहायचे, ओसरली की बंद व्हायचे. दर वेळी नव्या सर्व्हरला नवा पत्ता मिळतो, आधी कळत नाही. हे मी सम्राट सरांना सांगितलं होतं. "आला की सांग, मी यादीत घालतो," म्हणाले.

पहिल्या निकालाला सर्व्हर आले. सर मात्र नेसरीला पाहुण्याच्या बारशाला गेलेले, फोन लागेना. नवे सर्व्हर डेटाबेसच्या दारात जाऊन उभे, आणि दार म्हणतंय तुमचा पत्ता यादीत नाही. गर्दी वाटून देणाऱ्या यंत्रणेला काय कळतंय? सर्व्हर चालू दिसला की माणसं त्याच्याकडं पाठवायची, एवढंच तिला माहीत. निम्म्या पालकांना निकाल, निम्म्यांना चूक झाल्याचा निरोप.

दुपारी सर बारशाचे पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "हिनं न विचारता सर्व्हर वाढीवलं." आण्णांनी सगळ्यांसमोर संस्थेच्या हेडमास्तरांना फोन लावला, स्पीकरवर. "चूक आमच्या रूपालीची हाय. पुढच्या निकालाला असं झालं तर तिला ठेवणार न्हाई." माझं नाव घेऊन. मी समोर उभी. पेढ्याचा बॉक्स फिरत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी तसाच पुढं दिला.

घरी आईला काही बोलले नाही. शेवंताबाईंच्या पोरीला कामावरनं काढलं म्हणून कळंब्यात चर्चा झाली असती तर तिनं जेवण सोडलं असतं.

दुसरा निकाल तीन आठवड्यांवर होता. मी आण्णांकडं गेले, सरही होते. म्हटलं, "डेटाबेसच्या नियमात पत्ते नकोतच. साइटचे आपले सगळे ॲप सर्व्हर एकाच सिक्युरिटी ग्रुपमधनं, म्हंजे आपणच केलेल्या एका गटातनं, उभे राहतात. नियमात तो ग्रुपच लिहायचा. त्या ग्रुपचा जो असेल त्याला आत घ्या. मग एक येऊ दे न्हाईतर वीस, नियमाला हात लावायला नको."

सर हसले. "पत्ता न्हाई, नंबर न्हाई, आणि आत घ्या? ही काय जत्रा हाय?"

"ग्रुपमध्ये आपल्याच अकाउंटचे सर्व्हर येतात, सर. आणि ते आपणच घालतो. पत्ता कुणाचाही असू शकतो."

"रूपाली, नेटवर्किंग आम्ही करतोय."

मग आमच्या नेटवर्किंगवाल्यांनी तोडगा काढला. दहा नंबरनं सुरू होणारे सगळे पत्ते एकदम मोकळे करून टाकले. "आतल्या मशिनी सगळ्या दहापासनंच की. आता म्हणशील तेवढ्या वाढीव." आण्णा खूश. बोर्ड पुसायचा त्रास वाचला म्हणून सरही खूश. आणि मी कपाळाला हात लावला.

कारण ते आतलं अंगण आमच्या एकट्याचं नव्हतंच. त्या क्लाउडवर जगभरची भाडेकरू मंडळी, आणि सगळ्यांचे आतले पत्ते त्याच दहाच्या रांगेत. सरांनी आमच्या घराचं दार सबंध गल्लीला उघडं टाकलं होतं. मध्ये फक्त पासवर्ड उरला होता, आणि पासवर्ड सरांनी ठेवलेला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

बोलून उपयोग नाही हे मला एव्हाना कळलं होतं. पुण्याला माझा मावसभाऊ बुद्धभूषण, त्याचं त्याच क्लाउडवर स्वतःचं अकाउंट. त्याला म्हटलं, क्लाउडच्या आमच्याच भागात एक सर्व्हर उभा कर आणि मला वापरायला दे. दुसऱ्या दिवशी आण्णांना माझ्या खुर्चीत बसवलं.

"आण्णा, हा सर्व्हर आपला न्हाई. पुण्याच्या माणसाचा हाय. ह्याच्यावरनं आपल्या डेटाबेसला हाक मारते."

मारली. डेटाबेसनं ओ दिली.

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हंजे ह्यो पोरांच्या मार्कांपर्यंत जाऊ शकतोय?"

"दारापर्यंत आलाच की. पुढं एक पासवर्ड."

सर म्हणाले, "योगायोग असंल." मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण नाही, तेच म्हणाले.

आण्णांनी हातानंच मला, तुझ्या पद्धतीनं कर, अशी खूण केली. मी नियमात आमचा ॲप ग्रुप घातला. एवढ्यानं भागत नाही, कारण तिथले नियम फक्त परवानगी देतात, नाकारत कुठलाच नाही; जुना नियम राहिला तर गल्ली आत येतच राहणार. म्हणून सरांची ती दहाची रांग काढून टाकली. पुण्याच्या सर्व्हरवरनं पुन्हा हाक मारली. गप्प. आमच्या ग्रुपमधला नवा कोरा सर्व्हर उभा केला, त्याचा पत्ता न बघताच. तो सरळ आत गेला.

निकालाच्या सकाळी सर पेन घेऊन बोर्डाजवळ उभे. आज बारसं नव्हतं, लग्न नव्हतं, आज नेमके हजर. गर्दी वाढली, सर्व्हर वाढू लागले.

"पत्ते सांग," म्हणाले.

"मला ठाऊक न्हाईत."

"ठाऊक न्हाईत म्हंजे?"

"लागतच न्हाईत, सर."

तरी उभेच राहिले, टोपण काढून. निकाल लागला, पोरं पास झाली, नापास झाली, पालकांनी पुन्हा पुन्हा बघितलं, गर्दी ओसरली, जास्तीचे सर्व्हर बंद झाले. एकही पालक अडला नाही. बोर्ड पांढराच राहिला. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं आणि चहा प्यायला गेले. इतका रिकामा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आण्णा म्हणाले, "झ्याक काम केलंस. राहा तू."

"राहते. पण हेडमास्तरांना फोन लावा. माझं नाव घेतलं होतं, तसंच घेऊन सांगा."

"आता कशाला? साइट चालली की."

"तेव्हा पडली म्हणून सांगितलं होतं ना?"

"जाऊ दे की, पोरी. सरांचं वय..."

मी बॅग खांद्याला लावली आणि दाराकडं निघाले. खरंच निघाले होते. आण्णांनी मला जाताना बघितलं, मग बाकीची माणसं आपल्याकडं बघताहेत हे बघितलं आणि फोन ओढला. स्पीकर मी स्वतः लावला. सर चहा घेऊन तेवढ्यात दारात आले होते.

"मास्तर, त्या मागल्या निकालाचं सांगायचं हुतं." आण्णांच्या कपाळावर घाम. वीस वर्षं धंदा केलेला माणूस, चार शब्दांना अडला. "चूक आमच्या सम्राट सरांची हुती. रूपालीची न्हवती."

पलीकडनं हेडमास्तर म्हणाले, "कोण रूपाली?"