आटलेला स्वेटर

सिडकोतल्या शाळेत, सातवीच्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर, इतर पालकांमध्ये, गोकुळ अंग चोरून बसला होता. आज पालकांसमोर मुलं विज्ञानावर बोलणार होती. लेकीच्या, सायलीच्या हातात तिच्या आईचा निळा स्वेटर पाहून तो बाकावर आणखी मागं सरकला.

त्याच्या बायकोनं, मोनिकानं, तो स्वतः विणला होता. ती गेल्यावर पहिल्या थंडीत, लेकीनं तो अंगावर घ्यावा म्हणून गोकुळनं तो सोडा घालून उकळला, दगडावर घासला. सिल्लोडला, कापूस पिकवणाऱ्या त्याच्या घरात, कपडा असाच स्वच्छ निघत असे. बादलीतून बाहेर आला तो जाड, ताठ, निम्म्या आकाराचा गोळा. तेव्हापासून सायली त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"कापूस झाडाचा," सायली सांगू लागली. "तो भिजला की आणखी बळकट होतो. म्हणून उकळला, आपटला तरी सहसा टिकतो. पॉलिस्टर कारखान्यात, खनिज तेलापासून होतं. पाणी फारसं पीत नाही, लवकर वाळतं. पण इस्त्री जास्त तापली की वितळतं."

मग तिनं स्वेटर उचलला.

"लोकर मेंढीची, म्हणजे केसच. या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं, की खवले एकमेकांत अडकतात. मग ते सुटत नाहीत."

"पुन्हा मोठा नाय व्हनार?" वर्गातल्या सत्यमनं विचारलं.

"नाही."

"मग असा उकळला कुणी? लईच हुशार दिसतो."

वर्ग हसला. गोकुळनं मान खाली घातली. आता लेकीच्या तोंडून आपलं नाव येणार, हे तो जाणून होता. आणि ते यावं, असंही त्याला कुठंतरी वाटत होतं.

सायलीनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ज्याला जन्मभर कापूसच माहीत होता, त्यानं. त्याला वाटलं, कापड म्हणजे कापूस. त्यानं तो मन लावून धुतला होता."

उमा मॅडमनी हळूच चष्मा पुसला. सायलीनं स्वेटर डोक्यातून ओढून घातला. एकेकाळी आईच्या मापाचा होता तो; आता त्याच्या बाह्या नेमक्या तिच्या मनगटाशी थांबत होत्या.

घरी जाताना स्कूटरवर ती मागं बसली होती. गोकुळ म्हणाला, "आईची शाल हाय अजून कपाटात. ती पण लोकरीची ना?"

"व्हय."

"तू सांगशील तशी धुतो."

"गार पाणी, पप्पा. केसांचा शाम्पू, अगदी थोडा. घासायची नाय, पिळायची नाय."

"आन् वाळवायची?"

"टांगायची नाय, वजनानं लोंबते. सावलीत आडवी पसरायची," ती म्हणाली. मग आटलेल्या बाह्यांतले तिचे हात त्याच्या पोटाशी घट्ट गुंफले गेले. "मी धरते एक टोक."