झाकणावरचं नाव

तिला भाऊजींनीच इथवर आणलं होतं. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. कंपनीच्या स्टोअरमध्ये सतरा वर्षं. "आमची मेव्हणी असले झकास खोके करते," असं साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून त्यांनी तिची वेळ ठरवून घेतली होती. तीन वर्षं दहा-वीस खोक्यांवर पोट भरणाऱ्या बाईला सणाच्या भेटपेट्यांची ही ऑर्डर म्हणजे काय, ते सांगायला नको. घरी दोन बायका कामाला ठेवल्या होत्या आणि दोघींना "पुढच्या महिन्यापासून नक्की" असं सांगून ती मोकळी झाली होती.

एचआर मॅडमच्या टेबलावर तिने नमुना ठेवला. लाकडी पेटी, आत बदाम, मधाची बाटली, चहाचा डबा, मेणबत्ती. झाकणावर कोरलेलं नाव.

"हे नाव प्रत्येकाचं वेगळं?" मॅडमनी झाकणावरून बोट फिरवलं.

"प्रत्येकाचं. आतलं सामान तुम्ही बदला, रिबीन तुमच्या रंगाची घ्या, कंपनीचं चिन्ह पाहिजे तर तेही टाकते. पण अडीचशेच्या खाली परवडत नाही, सुतार लाकूड एकदम कापतो. अडीचशेला नग आठशे चाळीस, तीनशेच्या वर सातशे ऐंशी. कर वेगळा."

"दोनशे साठचा भाव धरा."

ती चपापली. "भाऊजी तर म्हणाले, तीनशे बारा माणसं आहेत."

"दोनशे साठ," मॅडम म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

बरं बाई, दोनशे साठ तर दोनशे साठ. अडीचशेच्या वर आहेत ना, मग आपल्याला काय! तिने वहीत आकडा लिहिला.

"यादी मी दहा दिवसांनी देते."

इथे मात्र तिचा पारा चढला. कोणीही यावं आणि मुदतीशी खेळावं! "मॅडम, सणाला कामाचे चोवीस दिवस राहिलेत. नावं कोरायला सहा. ती आधी फळीवर कोरायची, मग पॉलिश आणि जोडणी, त्याला नऊ. भरायला चार, पोचवायला दोन. झाले एकवीस. दहा दिवसांनी यादी दिलीत तर पेट्या सण झाल्यावर येतील."

"नाव नंतर चिकटवता नाही येणार?"

"स्टिकर डकवते की! पण मोठ्या साहेबांना कोरलेलंच पाहिजे, असं तुम्हीच फोनवर म्हणालात. यादी आज द्या, नाहीतर नावं विसरा."

 मॅडम उठून दार लावून आल्या आणि खणातून तीन कागद काढले. "आधी इथे सही करा. ही यादी पंधरा दिवस कोणाला दाखवायची नाही, त्यावर बोलायचं नाही. आगाऊ निम्मी रक्कम उद्या जमा होईल."

तिने झटकन सही ठोकली. जिंकले, असंच वाटलं तिला. नावं तपासून घ्यायची सवय, म्हणून ती बोट ठेवून वाचत गेली. स्टोअर. चार नावं. पुन्हा वाचली.

"मॅडम, एक राहिलं. आमचे भाऊजी. टाइप करताना सुटलं असेल."

"काही सुटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही.

तिने मनात वजाबाकी केली, तीनशे बारातून दोनशे साठ. बावन्न माणसं. आणि हे तिने हट्टाने, एकवीस दिवसांची पट्टी लावून, स्वतः उघडून घेतलं होतं. मूर्ख कुठली!

"एक पेटी मी जास्त देते. फुकट," ती म्हणाली.

"पेटीचा प्रश्न आहे का हा?" मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातात असतं तर..."

कोणाच्याच हातात नव्हतं. भाऊजींना सांगावं तर सही केलेली, ऑर्डर जाणार आणि कामाला ठेवलेल्या दोघीही रस्त्यावर. सांगून तरी काय, त्यांची नोकरी थोडीच वाचणार होती! न सांगावं तर ताईच्या तोंडाकडे कसं बघायचं? तिने यादी पिशवीत घातली. 

स्टोअरच्या दारात भाऊजी चहाचा कप घेऊन उभे होते, सोबत चार-पाच दोस्त.

"काय गं खोकेवाली, मिळाली ना?"

"मिळाली."

"बघा! म्हटलं नव्हतं?" त्यांनी शेजारच्याच्या पाठीत धपका घातला. "यादी दिली का? अगं, आजवर हजेरीपटाशिवाय माझं नाव कोणी कुठे लिहिलं नाही. ताईला सांगितलंय, पेटी कपाटावर ठेवायची. मी कितवा आहे?"

 तिने त्यांच्या हातातला कप घेऊन चहाचा एक घोट घेतला.

"एकशे चौदावे," ती म्हणाली.

"एकशे चौदा!" भाऊजी खूश. "लक्षात ठेवा रे!"

"बाई, माझा नंबर बघा ना," दोस्तांतला एक चष्मेवाला म्हणाला.

"आणि माझा?" मागचा पुढे सरकला. "बघायला काय जातंय?"

पिशवी उघडणं शक्य नव्हतं. यांच्यातले कोण यादीत, कोण बाहेर, तिला आठवत नव्हतं, आणि जो यादीत होता त्यालाही खरं सांगायची सोय नव्हती. सगळे हसत तिच्याकडे बघत होते.

"तुमचा एकशे सोळा," ती चष्मेवाल्याला म्हणाली, मग मागच्याकडे वळली आणि त्यालाही एक आकडा दिला.