सगळ्यात उंच ठिपका

प्रत्येक जनुकाचा बदल एकेका ठिपक्यानं दाखवणारा आलेख, व्होल्कॅनो प्लॉट, पडद्यावर आला आणि प्रयोगशाळेचे प्रमुख खुर्चीतून अर्धे उठलेच. उजवीकडे, सगळ्यांच्या वर, एकच ठिपका ताठ उभा होता. औषध दिलेल्या उंदरांत हा जनुक शेकडो पटींनी वाढला होता, आणि वीस हजार जनुकांच्या चाचण्या धरून सुधारलेली पी-व्हॅल्यूही, म्हणजे हा निव्वळ योगायोग असण्याची शंका, जवळजवळ शून्य होती.

"औषध लागू पडलं. पेपर लिहायला घ्या."

विश्लेषक बाईंना या घाईची चीड होती. "सर, आधी त्याचं नाव तरी वाचा. एक्सिस्ट. तो माद्यांमध्येच चालतो. आणि डावीकडचे ते चार घटलेले ठिपके, ते नरांच्या वाय गुणसूत्रावरचे."

बाईंनी तिथूनच प्राणिगृहात उंदीर सांभाळणाऱ्या मामांना फोन लावला. "मामा, औषध कुठल्या उंदरांना दिलंत?"

"घोटाळा नको म्हणून नीट वेगळं ठेवलं, बाई. माद्यांना औषध, नरांना नुसतं सलाइन."

सर खाली बसले. "गणितानं काही सावरता येईल?"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण गणित चोख आहे, सर. नर आणि मादी वेगळे असतात, हे आपण निर्विवाद सिद्ध केलंय."