फक्त द्राक्षं, वरून काहीही नाही

लेबलं चिकटवायच्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला आणि धाकटीने तो उभ्याउभ्याच फोडला. तिला त्यातला एकच आकडा हवा होता. अल्कोहोल किती टक्के, ते लेबलावर छापावं लागतं. आकडा होता अकरा पूर्णांक तीन.

तिने कागद उलटा केला, सुलटा केला, नमुन्याचा क्रमांक ताडून पाहिला. नमुना त्यांचाच होता. मग खिळ्याला टांगलेली तोडणीच्या वेळची वही काढली. रस काढला त्या दिवशी तिने स्वतः त्यात साखर मोजायचा हायड्रोमीटर सोडला होता, तीनदा. रसातली साखर शेवटच्या कणापर्यंत आंबली तरी अल्कोहोल दहा पूर्णांक सहाच्या वर जाणार नव्हतं. दशांश-दोन दशांश इकडेतिकडे होतं, पण सात दशांश? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

दोघी बहिणी पेट-नॅट करायच्या. म्हणजे तीच ती गढूळ, हलकी फसफसणारी वाइन. रस पिंपात आपल्या आपण आंबत असतो, आणि तो पुरता आंबायच्या आधीच, लिटरमागे बारा ग्रॅम साखर उरली की बाटल्यांत भरून टाकायचा. वर सोड्याच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं झाकण ठोकायचं. उरलेली साखर बाटलीतच आंबते, वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. खाली गाळ राहतो, तो राहू द्यायचा. सगळा खेळ त्या बारावर. वीसला भरली तर बाटल्या फुटतात नाहीतर उघडताच छतापर्यंत उडतात, दोनला भरली तर नुसतंच मिळमिळीत पाणी. म्हणून शेवटचे दिवस पिंपापाशी ठाण मांडून बसावं लागतं, आणि यंदा नेमकं तेव्हाच धाकटीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. बारा दिवस ती दवाखान्यात होती. ताईने फोनवर सांगितलं होतं, "भरल्या गं बाई सहाशे बाटल्या. बरोब्बर बारावर. तू सासऱ्यांकडे बघ."

आता ताई लांब टेबलापाशी बसून लेबलांच्या गड्ड्या मोकळ्या करत होती. तोंडाने कसलंतरी गाणं गुणगुणत होती. लेबलावर सगळ्यात खाली, धाकटीच्याच हट्टाने छापलेली ओळ होती: फक्त द्राक्षं, वरून काहीही नाही.

"ताई, अकरा पॉइंट तीन आलंय."

"बरं आहे की. जरा चढेल." ताई हसली.

"चढेल काय! आपल्या रसात तेवढी साखर नव्हतीच."

"अगं, ते लॅबवाले काय देव आहेत? झोपेत मोजलं असेल मेल्यांनी."

धाकटीने रॅकमधली यंदाची बाटली उचलली, खिडकीसमोर धरली आणि हलकेच कलती केली. त्यांच्या तळघरात आपोआप येणाऱ्या यीस्टचा गाळ भुसभुशीत असतो, जरा हलवलं की ढगासारखा वर येतो. हा गाळ तळाशी लागलेल्या दह्यासारखा बसला होता. अख्खा थर एकसंध सरकला आणि वरची वाइन नितळच राहिली. असा गाळ विकतच्या, फसफसत्या वाइनसाठीच बनवलेल्या यीस्टचा असतो. हे ताईला दाखवायची गरज नव्हती. ताईचं गाणं कधीच थांबलं होतं.

"बोल ना," धाकटी म्हणाली.

"काय बोलू? ऊन पडलं चार दिवस, तळघर तापलं. मी एक दिवस लेकीकडे गेले, एकच, आणि परत येऊन बघते तर पिंप शून्यावर. साखर सगळी खाऊन बसलेलं." ताई लेबलांकडे बघत बोलत होती. "ओतून देऊ सगळं? वर्षाची मेहनत? साडेपाच किलो साखर घातली, यीस्टचं पाकीट घातलं आणि भरली. कुणाचं काय वाकडं झालं?"

"मला फोन का नाही केलास?"

"तू तिकडे बाकावर झोपत होतीस गं! तुला काय त्रास द्यायचा?"

धाकटीला क्षणभर ते पटलंसुद्धा. संताप आला होता, पण तो यंदापुरता होता. यंदाची ओळ खोडू, माल घेणाऱ्या हॉटेलवाल्यांना खरं सांगू, पुढच्या वर्षी मी हलणारच नाही, इथपर्यंत ती मनात पोचलीही. आणि मग तिच्या डोक्यात भलतंच आलं. पूर्ण आंबलेल्या वाइनमध्ये नवं यीस्ट असंच टाकलं तर ते मरतं. आधी कोमट पाण्यात जागं करायचं, मग थोडी थोडी वाइन पाजत दोन दिवस सवय लावायची. ताईने आयुष्यात कधी पाकिटाला हात लावला नव्हता. निदान धाकटीला तसं माहीत होतं.

"ताई, हे तुला जमलं कसं? पहिल्याच फटक्यात?"

ताईने एक लेबल उचललं, परत ठेवलं.

"पहिलंच होतं ना?"

ताई गड्डी उगाच सारखी करू लागली. धाकटी वळली आणि जिना चढून वर गेली.

तिच्या कपाटात स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली होती. पहिल्या वर्षाची, उरलेली शेवटची. तेव्हा ती शहरात बँकेत होती. ताईने फोन केला होता, "छोटे, ये लवकर, आपल्या तळघरातल्या हवेनेच केलीय बघ ही!" एक घोट घेऊन धाकटी तिथेच जमिनीवर बसून रडली होती, आणि महिन्याभरात राजीनामा दिला होता. पुढची दोन वर्षं तिने स्वतः भरली, अगदी काटेकोर बारावर, आणि दोन्ही वर्षं लोक म्हणाले, छान आहे हो, पण पहिल्या वर्षीची गोष्टच वेगळी. दोन वर्षं ती त्या चवीच्या मागे धावली. रात्रीची झोप नाही, कुठे जाणं-येणं नाही. ताई बाजूला उभी राहून म्हणायची, "येईल गं, येईल."

तिने ती बाटली आणि कपाटातलीच दुसऱ्या वर्षाची बाटली खिडकीत शेजारी धरल्या, कलत्या केल्या. दुसऱ्या वर्षाच्या बाटलीत लगेच ढग उठला. पहिल्या वर्षाच्या बाटलीत थर एकसंध सरकला.

मागे जिन्यात ताई येऊन उभी होती. "तू आली नसतीस," ती म्हणाली. "सपक झाली होती ती. तसली पाजली असती तर तू आली असतीस का? मला एकटीने नव्हतं जमत गं."

"सांगितलं असतंस तर आले असते."

"खरंच?"

धाकटीने खरंच विचार केला, आणि तिला उत्तर सापडेना. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिने पहिल्या वर्षाच्या बाटलीचं झाकण उघडलं, तिथल्याच पाण्याच्या पेल्यात ओतलं आणि प्यायली. अजूनही तीच सगळ्यात चांगली होती.

खाली येऊन तिने टेबलावरची कात्री ताईच्या हातात दिली. "खालची ओळ काप. सहाशेच्या सहाशे."

मग हॉटेलवाल्यांना फोन लावला. ते त्यांचे पहिले गिऱ्हाईक, दर वर्षी निम्मा माल तेच उचलायचे. तिने सगळं सांगितलं: साखर, पाकीट, यंदाची वाइन पेट-नॅट म्हणून विकता येणार नाही.

"हरकत नाही," पलीकडून ते म्हणाले, "पहिल्या वर्षीची आठवते मला. तसली एकदा केलीत म्हणजे परत कराल तुम्ही."

टेबलापाशी कात्रीचा आवाज थांबला. ताई मान हलवून नको, नको करत होती.

"तीही पेट-नॅट नव्हती," धाकटी म्हणाली. "मलाही आजच कळलं."