निळ्या पेन्सिलीची खूण

तांब्याच्या पाइपाला डाख द्यावा तर मीच, असं मी चाळीस वर्षं स्वतःलाच सांगत आलो. जोड बर्नरच्या ज्योतीत तापला, डाखाची तार टेकवली की ती वितळून सांध्यात आपोआप ओढली जाते, आणि कडेने चांदीसारखी बारीक रेघ उमटते. ती रेघ पाहिली की मला जेवल्यासारखं वाटायचं. त्यामुळे माझी मुलगी धंद्यात आली आणि पिशवीतून ते पुश-फिटचे, हाताने ढकलून बसवायचे जोड काढायला लागली, तेव्हा मी त्यांना खेळणी म्हणायचो. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो. तीही माझीच मुलगी, ऐकून घ्यायची नाही. "बाबा, तुमचा डाख देखणा आहे, पण माणसं घरात राहतात, प्रदर्शनात नाही."

बाईंच्या घरचं काम पाच वर्षांपूर्वीचं. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते. उशाशी ऑक्सिजनचं मशीन. दवाखान्यात परत जायचं नाही, जे व्हायचं ते याच खोलीत, खिडकीशी, हे सरांनी ठरवलेलं आणि बाईंनी त्यांना तसा शब्द दिलेला. पॅसेजमध्ये, त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून गेलेल्या पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि पाणी फरशीवरून त्यांच्या दाराकडे निघालं होतं.

मी सवयीने बर्नर काढला. मुलीने माझा हात धरला.

"ऑक्सिजन चालू आहे, बाबा. इथे ज्योत नाही."

"मशीन दहा मिनिटं बंद ठेवतील."

"का ठेवतील? आणि मुख्य कॉक पूर्ण बंद होत नाही, बघा, थेंब येतोच आहे. ओल्या पाइपात डाख धरणार आहे का? सगळी आग पाण्याची वाफ करण्यात जाईल."

बरोबर होतं तिचं. बरोबर होतं म्हणून तर डोक्यात गेलं. जोड पाइपावर चेपून बसवायचं मशीनही तिने आणलं होतं, त्याला ज्योत लागत नाही आणि थेंबाचंही वावडं नाही. पण पाइप भिंतीला इतका चिकटून की मशीनचा जबडा मागे शिरेना. राहिलं पुश-फिट. खराब तुकडा कापायचा, नवा घालायचा, दोन्ही टोकांना एकेक जोड. जोडात पोलादी दातांची कडी असते, तिच्या पुढे रबराची. पाइप नुसता दाबून आत घालायचा. दात पाइप धरतात, रबर पाणी अडवतं.

"पण तयारी नीट हवी," ती म्हणाली, आणि डावं टोक करून दाखवलं, जणू मी काल धंद्याला लागलो होतो. जुन्या पाइपावर मलईच्या रंगाचा ऑइलपेंट होता. तो तिने पॉलिश पेपरने तांबं लखलखेपर्यंत काढला. कापलेली कड घासून गुळगुळीत केली, नाहीतर रबर चिरतं. मग जोडाच्या आतली खोली मोजून पाइपावर निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि ती रेघ जोडाच्या तोंडाशी टेकेपर्यंत पाइप आत दाबला.

तेवढ्यात खोलीतून बाईंनी हाक मारली. सरांना कुशीवर वळवायचं होतं, एकट्या बाईंना जमेना. मुलगी उठली. "उजवीकडचं मी आल्यावर करते. तुम्ही थांबा."

थांबा! मी उकिडवा बसून ते उजवं टोक बघत राहिलो. या खेळण्यासाठी एवढी पूजा कशाला? रंग तसाच ठेवला, रेघबिघ काही नाही, जोड पाइपावर रेटला, कुठेतरी अडकला, घट्ट वाटला. झालं. एका मिनिटाचं काम.

ती हात पुसत आली. "केलंत? रंग काढला? खूण केली?"

"केली," मी म्हणालो.

तिने वाकून बघितलं असतं तर रंग दिसला असता. पण तिच्या बापाने सांगितलं होतं. तिने कॉक उघडला, अर्धा तास आम्ही जोडाला बोट लावून बसलो, एक थेंब आला नाही. बाईंनी चहा दिला. सरांनी आतून हात हलवला.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला. उजवा जोड निसटला होता. दात रंगावर नुसते टेकले होते, तांब्यात रुतलेच नव्हते. नळ उघडताना-मिटताना पाण्याचा धक्का बसे आणि पाइप रोज केसभर मागे सरकत होता. बाई दूध घेऊन परतेपर्यंत खोलीत घोट्याएवढं पाणी, गादी भिजलेली, प्लगचं सॉकेट पाण्याखाली, मशीन बंद. आम्ही गेलो तेव्हा सरांना दवाखान्याच्या गाडीत घालत होते. ते खिडकीकडे बघत होते. तीन आठवड्यांनी ते दवाखान्यातच वारले.

त्या ओल्या पॅसेजमध्ये मी काय बोललो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. दोन्ही जोडांसकट नवा तुकडा आणि उजवीकडच्या जुन्या पाइपाचं टोक मी पटकन कापून पिशवीत टाकलं आणि मुलीला म्हणालो, "सांगत होतो ना? खेळणं ते खेळणंच." बाईंनी ऐकलं. मुलीचा चेहरा उतरला. ती वाद घालणारी पोर, खाली वाकून पाणी पुसायला लागली.

त्यानंतर तिने पुश-फिटला हात लावला नाही. डाखच देते, माझ्यापेक्षा सुबक देते. लोक म्हणतात, बापाचा हात आलाय. मला ते ऐकवत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याच मोरीचा पाइप गळायला लागला. माझे हात आता थरथरतात, म्हणून ती आली. आमचाही कॉक थेंब सोडतो. तिने तीनदा बर्नर लावला, तीनदा पाइप हिस्स करून थंड पडला. मी म्हणालो, "पुश-फिट लाव ना."

"नाही. सर माझ्यामुळे दवाखान्यात गेले, बाबा. दिवाणखान्यात बाई एकट्या बसतात, मी दर महिन्याला जाते. नळ बघते, काही बिघडलेलं नसतं. त्या म्हणतात, तुझा दोष नाही. पण जोड मीच निवडला होता."

दर महिन्याला. मला माहीतच नव्हतं. मी आत गेलो, जुन्या पेटीच्या तळातून फडक्यात बांधलेले ते तुकडे आणले आणि तिच्यापुढे ठेवले. फेकून का दिले नव्हते, विचारू नका.

डावं टोक अजून जोडात घट्ट होतं, निळी रेघ तोंडाशी. उजवीकडच्या सुट्या जुन्या टोकाला मलईचा रंग, त्यावर कडीच्या दातांचे पुसट ओरखडे. ती बराच वेळ ते उलटसुलट करत राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने कानामागची पेन्सिल काढली, जोडाची खोली मोजली आणि त्या रंगावर, जिथे मी तेव्हा ओढायला हवी होती तिथे, निळी रेघ ओढली. पाइप जिथवर गेला होता तिथून रेघेपर्यंत बोटाच्या पेराएवढं अंतर होतं.

"एवढंच राहिलं होतं, बाबा," ती म्हणाली.

मग तिने तुकडे फडक्यात बांधले आणि माझ्या हातात दिले. "बाईंकडे या महिन्यात तुम्ही जा."